आधी ३८, नंतर १७: केस स्टडीच्या कॅरोसेलमध्ये खरे आकडे कसे मांडायचे

कोल्हापुरात फ्रीलान्स डिझाइन करणाऱ्या नव्या मुलामुलींची इन्स्टाग्राम पानं मी नेमाने बघते. ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात ‘विक्रीत ८४ टक्के वाढ’. काम बहुतेक वेळा चांगलं असतं. पण तो आकडा कुठून आला हे विचारलं, की उत्तर मिळत नाही. आपलं गाव मोठं नाही. राजारामपुरीतल्या दुकानदाराला लक्ष्मीपुरीतल्या दुकानदाराचा धंदा कसा चाललाय हे माहीत असतं. फुगवलेला आकडा इथे फार दिवस टिकत नाही, आणि तो पडला की चांगलं कामही त्याच्यासोबत पडतं.

म्हणून एकच कॅरोसेल सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसा बांधायचा ते इथे सांगते. त्यासाठी एक उदाहरण घेऊ. हे उदाहरण मी शिकवण्यासाठी रचलं आहे. त्यातल्या मावशी आणि त्यांचे आकडे काल्पनिक आहेत. असं रचलेलं काम तुम्हीही पानावर टाकू शकता, पण तेव्हा पहिल्याच स्लाइडवर ‘सरावासाठी केलेलं काम’ असं लिहा, आणि त्यात निकालाचा एकही आकडा ठेवू नका.

तर, कसबा बावड्यात एक मावशी घरी कांदा-लसूण चटणी करून विकतात. बेडगी आणि संकेश्वरी मिरची आणायची, मसाले भाजायचे, कांडपावर कुटून आणायचं आणि पाव, अर्धा आणि एक किलोच्या पाकिटात भरायचं. ऑर्डर सगळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. तुम्ही त्यांच्या पाकिटाचं लेबल आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या कॅटलॉगमधली चित्रं नव्याने केलीत. जानेवारीच्या मध्यावर नवी लेबलं छापून आली. आता मार्च संपलाय आणि तुम्हाला या कामाची केस स्टडी टाकायची आहे.

‘आधी’ची नोंद काम सुरू करायच्या आधी

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. काम संपल्यावर आठवतं, की जुन्या पाकिटाचा धड फोटोच नाही. मग गॅलरीतून कुठला तरी अंधारलेला, तिरका फोटो काढून ‘आधी’ म्हणून लावला जातो आणि शेजारी खिडकीच्या उजेडात काढलेला ‘नंतर’. बघणाऱ्याला फरक दिसतो, पण तो अर्धा उजेडाचा असतो.

काम ठरलं की पहिल्या भेटीतच चार गोष्टी मागून घ्या: जुन्या लेबलची भरलेली दोन पाकिटं, कॅटलॉगचे जसेच्या तसे स्क्रीनशॉट, ऑर्डर लिहायची वही बघायची परवानगी, आणि गेल्या दोन महिन्यांचे नवीन गिऱ्हाइकांचे चॅट पुसायचे नाहीत असा शब्द. शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. फोन भरला की मावशी चॅट पुसून टाकतात, आणि त्याबरोबर तुमचा ‘आधी’ही जातो. जुनी दोन पाकिटं कपाटात ठेवून द्या. ती मी शेवटपर्यंत परत देत नाही.

काम होऊन गेल्यावर ही ओळ वाचत असाल तरी काही हाती लागू शकतं. ज्या प्रेसने जुनं लेबल छापलं त्यांच्याकडे फाइल असते, एखाद्या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात जुनं पाकीट असतं, वहीत जुन्या ऑर्डर असतात. तेवढ्यावर जे सांगता येईल तेवढंच सांगा. आठवणीतून काढलेला आकडा मात्र घेऊ नका. ‘आधी महिन्याला पंचवीसेक ऑर्डर असतील’ हे बोलायला ठीक आहे, स्लाइडवर छापायला नाही.

कोणता आकडा तुमचा आहे

कॅरोसेलचा सगळा जीव इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

पहिला मोह विक्रीचा. मावशींची वही उघडली. नोव्हेंबर आणि डिसेंबर मिळून ६४ ऑर्डर. नवीन लेबल आल्यावर फेब्रुवारी आणि मार्च मिळून ११८. हिशोब केला तर ८४ टक्के वाढ. आकडा खोटा नाही, वहीत आहे. तरी तो छापला तर तुम्ही खोटं बोललात असं होईल.

कारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून नवी मिरची बाजारात येते आणि घराघरात वर्षाची चटणी करायचं चालू होतं. ज्यांना घरी करणं जमत नाही ते याच दिवसांत दोन-दोन, तीन-तीन किलो विकत घेतात. मावशींच्या ऑर्डर तुम्ही काही केलं नसतं तरी वाढल्याच असत्या. किती, ते वही सांगते. गेल्या वर्षी याच दोन महिन्यांत ९७ ऑर्डर होत्या. म्हणजे हंगामाशी हंगाम जोडला तर ९७ वरून ११८. वाढ २१ ऑर्डरची.

अजून एक प्रश्न विचारायचा राहिला. या दोन महिन्यांत तुमच्या लेबलाशिवाय आणखी काय बदललं? मावशींना विचारलं की कळतं: फेब्रुवारीत बचत गटांच्या प्रदर्शनात त्यांनी स्टॉल लावला होता आणि तिथे ओळख झालेल्यांच्या १४ ऑर्डर आल्या. गेल्या वर्षी स्टॉल नव्हता. त्या बाजूला काढल्या तर उरतात १०४. गेल्या वर्षीपेक्षा ७ जास्त. आता वहीचं आणखी एक पान मागे जा. त्याच्या आधीच्या वर्षी हंगामात ८९ ऑर्डर होत्या. म्हणजे ८९ वरून ९७ ही ८ ची वाढ जुन्या लेबलवरच झाली होती. यंदाची ७ ची वाढ त्याच चालीतली आहे.

८४ टक्क्यांपासून निघालो आणि ‘विक्रीवर लेबलचा परिणाम दिसत नाही’ इथे आलो. पहिल्यांदा हे करताना मन खट्टू होतं, हे मला माहीत आहे. पण मावशींनी तुम्हाला बोलावलं ते कशासाठी, ते आठवा. त्या म्हणाल्या होत्या, “दिवसभर फोन हातातच असतो बघ. पाव किलो केवढ्याला, अर्धा केवढ्याला, लई तिखट हाय का. तेच तेच सांगून दमले.” जुन्या पाकिटावर वजन बारीक अक्षरात होतं, तिखटाचा उल्लेखच नव्हता, आणि कॅटलॉगमध्ये तिन्ही वजनांना एकच फोटो होता. तुम्ही तिखटपणाच्या तीन पायऱ्या ठळक केल्या, वजन मोठं केलं आणि कॅटलॉगमधल्या प्रत्येक चित्रावर वजन आणि भाव लिहिला. तर मग तुमचा आकडा हाच: किती जण अजून भाव, वजन किंवा तिखट विचारतात?

डिझाइन आणि विक्री यांच्यामध्ये भाव, चव, हंगाम, ओळखीपाळखी अशा किती गोष्टी असतात. डिझाइन आणि ‘हे दिसलं का, कळलं का’ यांच्यामध्ये फारसं काही नसतं. म्हणून कामाला अगदी चिकटून असलेला आकडा शोधा. क्लिनिकच्या फॉर्मसाठी तो ‘किती फॉर्म अर्धवट परत आले’ असेल, गुजरीतल्या दागिन्यांच्या कॅटलॉगसाठी ‘किती जणांनी नग क्रमांक सांगून विचारलं’ असेल.

आणखी एक सावधगिरी. गिऱ्हाईक बहुतेक वेळा आपल्याकडे येतं ते त्याचा वाईट महिना गेल्यावर. वाईट महिन्यानंतरचा महिना तसाही बरा जातो. म्हणून ‘आधी’ म्हणून एकच महिना कधी घेऊ नका.

मोजायचं कसं

मोजायला वही आणि पेन पुरतं. पण मोजण्याचा नियम मोजायच्या आधी लिहून ठेवा, कारण मोजता मोजता आपलं मन आपल्या बाजूला झुकतं.

आपला नियम असा: नोव्हेंबरपासून पुढे आलेली पहिली ५० नवीन गिऱ्हाइकं ‘आधी’. फेब्रुवारीपासून पुढे आलेली पहिली ५० नवीन गिऱ्हाइकं ‘नंतर’. नवीन म्हणजे ज्यांच्याशी आधीचा एकही मेसेज नाही असे. कॅटलॉग पाठवल्यानंतर ऑर्डर पक्की होईपर्यंत किंवा बोलणं थांबेपर्यंत त्यांनी भाव, वजन किंवा तिखटपणा यांपैकी काहीही विचारलं तर एक खूण. एकाच माणसाने तिन्ही विचारलं तरी खूण एकच. फोन करून विचारलेलं धरायचं नाही, कारण त्याची नोंद कुठेच नाही.

शेवटचं वाक्य तुमची मर्यादा आहे. ते लपवू नका, पुढे स्लाइडवर येणारच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत असाल तर लेबलांची सोय मदतीला येते. ‘नवीन ग्राहक’ हे लेबल मावशींनी पहिल्या मेसेजलाच लावलं तर पन्नास चॅट शोधायला पाच मिनिटं लागतात. लेबल लावलेलं नसेल तर संध्याकाळ जाते.

मोजून आलं हे: आधी ५० पैकी ३८ जणांनी विचारलं, नंतर ५० पैकी १७ जणांनी.

आता या आकड्यावर स्वतःच शंका घ्या. पहिली शंका: हा नुसता योगायोग तर नाही? घरच्या घरी करायची साधी तपासणी आहे. दोन्ही पन्नासांचे पंचवीस-पंचवीसचे भाग करा. आधीच्या पहिल्या पंचवीसात २० आणि दुसऱ्या पंचवीसात १८. नंतरच्या पहिल्या पंचवीसात ९ आणि दुसऱ्यात ८. एकाच काळाच्या दोन तुकड्यांत फरक एक-दोनचा आणि दोन काळांच्या तुकड्यांमध्ये दहा-अकराचा. तुकडे जर २४ आणि १४ असे उलटेसुलटे आले असते, तर मी आणखी पन्नास चॅट जमेपर्यंत थांबले असते.

दुसरी शंका जास्त खोल आहे. कदाचित हंगामातली गिऱ्हाइकं एकूणच कमी प्रश्न विचारत असतील. ठरवून आलेली असतात, ‘दोन किलो पाठवा’ म्हणतात आणि मोकळी होतात. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चचे चॅट असते तर लगेच कळलं असतं. पण मावशींनी मध्यंतरी फोन बदलला आणि ते गेले. मग त्याच चॅटमधून असा एक प्रश्न शोधा ज्याला तुमच्या डिझाइनने हातही लावलेला नाही. इथे तो कुरिअरचा: “पुण्याला पाठवता का?”, “कुरिअरचे किती?” कुरिअरची माहिती ना जुन्या कॅटलॉगमध्ये होती ना नव्या. तेच शंभर चॅट परत मोजले. आधी ५० पैकी २१, नंतर ५० पैकी २३.

मला या जोडीचा फार भरवसा वाटतो. लोक प्रश्न विचारायचे थांबलेले नाहीत. जे लेबलवर आणि कॅटलॉगवर आलं त्याबद्दलचं विचारणं कमी झालं, जे आलं नाही त्याबद्दलचं तेवढंच राहिलं. हंगामाची शंका यामुळे पूर्ण जात नाही, पण बरीच कमी होते. शिवाय मावशींसाठी पुढचं कामही यातून दिसतं.

मोजणी एकट्याने करू नका. दहा चॅट दुसऱ्या कोणाला, बहिणीला किंवा मित्राला, तुमचा लिहिलेला नियम देऊन मोजायला सांगा. तुमच्या आणि त्यांच्या खुणा दोनपेक्षा जास्त ठिकाणी वेगळ्या आल्या तर नियमात काहीतरी मोघम राहिलंय.

आणि टक्क्यांबद्दल. ३८ वरून १७ ला तुम्ही ‘५५ टक्के घट’ म्हणू शकता. ७६ टक्क्यांवरून ३४ टक्के, म्हणजे ‘४२ ने घट’, असंही म्हणू शकता. दोन्ही गणितं बरोबर आहेत आणि वाचणारा दोन्हींत गोंधळतो. ‘५० पैकी ३८, आता ५० पैकी १७’ हे कोणालाही कळतं. शंभराच्या आतल्या मोजणीला मी टक्के लावतच नाही. मावशींकडे चुकीचं पाकीट जाण्याचे प्रकारही कमी झाले, आधीच्या दोन महिन्यांत ५, नंतर १. याला ‘चुका ८० टक्क्यांनी घटल्या’ म्हणणं फार मोहाचं आहे. पण पुढच्या महिन्यात दोन पाकिटं इकडची तिकडे झाली की तो दावा गेला. असा आकडा एकतर जसाच्या तसा लिहा, नाहीतर सोडून द्या. मी इथे सोडून दिला असता.

फोटो

कपाटातलं जुनं पाकीट आता बाहेर काढा. जुनं आणि नवं, दोन्ही एकाच दिवशी, एकाच खिडकीशी, एकाच पाटावर ठेवून, एकाच फोनने, तेवढ्याच अंतरावरून काढा. दोन्ही पाकिटं सारखी भरलेली हवीत. अर्धं रिकामं पाकीट कोणत्याही लेबलमध्ये केविलवाणंच दिसतं. फोनच्या स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड पक्का होतो. तो पक्का करून मगच दोन्ही फोटो घ्या, नाहीतर फोन प्रत्येक वेळी उजेड आपल्या मनाने बदलतो.

चटणीच्या बाबतीत रंगाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. पाकीट पारदर्शक आहे, आतला लाल रंग दिसतो, आणि गिऱ्हाईक तो रंग बघूनच भुलतं. ‘नंतर’च्या फोटोत लाल थोडा जरी चढवला तरी माणसाला वाटतं नवं पाकीट जास्त चांगलं. तो परिणाम तुमच्या लेबलचा नाही, स्लायडर सरकवल्याचा आहे. चौकटीच्या कोपऱ्यात कोरा पांढरा कागद ठेवून फोटो घ्या, दोन्ही फोटोंत तो सारखाच पांढरा दिसेल इतपतच दुरुस्ती करा, मग कागद कापून टाका.

संगणकावर केलेलं गुळगुळीत मॉकअप ‘नंतर’ म्हणून लावू नका. छापलेलं लेबल, हाताने चिकटवलेलं, किंचित सुरकुती पडलेलं, तेच लावा. खऱ्या पाकिटावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, निव्वळ वजन, किंमत, तारीख हे सगळं असतंच. मॉकअपमध्ये ते बहुतेक वेळा गाळलेलं असतं, म्हणून ते इतकं मोकळं आणि देखणं दिसतं. ज्याला पाकीट करून घ्यायचं आहे त्याला बघायचं असतं ते हेच, की एवढा मजकूर बसवूनही लेबल वाचता येतं का.

‘आधी’च्या फोटोवर लाल फुल्या मारू नका, रडवे चेहरे लावू नका. ते लेबल कोणीतरी, बहुधा जवळच्याच प्रेसमधल्या माणसाने, मावशींनी सांगितलेल्या वेळेत आणि पैशात केलेलं असतं. जे अडचणीचं होतं तिथे बारीक रेघ ओढा आणि साध्या शब्दांत लिहा: ‘वजन इथे आहे, अक्षर दोन मिलिमीटर’.

स्लाइड, एकेक करून

इन्स्टाग्राम आता एका पोस्टमध्ये २० स्लाइडपर्यंत घेतं. आपल्याला ७ पुरतात. आकार १०८० बाय १३५० पिक्सेल. पहिल्या स्लाइडचा जो आकार तोच बाकीच्यांना लागतो, म्हणून सगळ्या एकाच आकारात करा. पानावरच्या चौकटीत पहिली स्लाइड दोन्ही बाजूंनी थोडी कापली जाते. कडेपासून ८० पिक्सेल मोकळे ठेवले की अक्षर कापलं जात नाही.

पहिली स्लाइड. इथे सगळे आकडा मोठा करतात. करा, पण पूर्ण करा:

‘भाव काय? वजन किती? तिखट किती? हे विचारणारी नवीन गिऱ्हाइकं
आधी ५० पैकी ३८
नंतर ५० पैकी १७
घरगुती चटणीचं लेबल आणि कॅटलॉग’

‘५० पैकी’ हे शब्द ३८ आणि १७ च्या शेजारीच हवेत, आणि वाचता येतील एवढे मोठे. पहिल्या स्लाइडवर नुसता आकडा आणि सहाव्या स्लाइडवर बारीक अक्षरात त्याचा आधार, अशी मांडणी करू नका. बहुतेक जण सहावीपर्यंत येत नाहीत. त्यांनी पहिली बघून जो समज करून घेतला, तोच तुम्ही केलेला दावा असतो.

दुसरीवर अडचण, मावशींच्याच शब्दांत, त्यांना विचारून: ‘तेच तेच सांगून दमले.’ खाली एक ओळ, काम काय होतं आणि कधी झालं.

तिसरी जुनं पाकीट, चौथी नवं. दोन्हींत पाकीट तंतोतंत एकाच जागी ठेवा. बोटाने स्लाइड सरकवली की पाकीट जागेवर राहतं आणि फक्त लेबल बदलतं. या एका गोष्टीसाठी अर्धा तास खर्च करायची माझी तयारी असते, कारण फरक डोळ्याला आपोआप कळतो आणि त्यावर काही लिहावं लागत नाही.

पाचवीवर काय बदललं आणि का, तीनच गोष्टी. तिखटपणाच्या तीन पायऱ्या: कमी, मध्यम, झणझणीत. वजन पाकिटाच्या वरच्या एक तृतीयांश भागात. कॅटलॉगच्या प्रत्येक चित्रावर वजन आणि भाव.

सहावी आकड्यांची. दोन जोड्या उभे खांब. पहिली जोडी ३८ आणि १७, खाली ‘भाव, वजन, तिखट’. दुसरी जोडी २१ आणि २३, खाली ‘कुरिअर (यावर काही बदल केला नव्हता)’. खांब शून्यापासून सुरू व्हायला हवेत आणि वरची मर्यादा ५०. अक्ष १५ पासून सुरू केला तर १७ चा खांब नुसता ठिपका होतो आणि घट आहे त्याच्या कितीतरी पट मोठी दिसते. दोन्ही जोड्यांना एकच मोजपट्टी लावा. रंगही सारखेच ठेवा: ‘आधी’ राखाडी, ‘नंतर’ एक गडद रंग. आधी लाल आणि नंतर हिरवा असं केलं की आकडा वाचायच्या आधीच निकाल सांगून झालेला असतो.

सातवी स्लाइड नवे लोक गाळतात. माझ्या मते हिच्यामुळेच काम मिळतं. तिच्यावर हे:

‘काय सांगता येत नाही
विक्री: फेब्रुवारी-मार्चमध्ये ११८ ऑर्डर, गेल्या वर्षी याच महिन्यांत ९७. यंदाच्यापैकी १४ ऑर्डर प्रदर्शनातल्या ओळखीतून. उरलेली वाढ साधारण गेल्या वर्षीइतकीच आहे.
मोजणी: व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत्येकी ५० नवीन गिऱ्हाइकं, आधी नोव्हेंबरपासून, नंतर फेब्रुवारीपासून. फोनवर विचारलेलं धरलेलं नाही. गेल्या वर्षीचे चॅट उपलब्ध नव्हते.
पुढे: कुरिअरची माहिती कॅटलॉगमध्ये टाकायची आहे.’

खाली तुमचं नाव आणि संपर्क. नवीन दुकानदार हे वाचतो तेव्हा त्याला दिसतं, की या मुलीने मावशींची वही उघडून बघितली, तिला हंगाम कळतो, आणि आपल्या धंद्यातही ती उगाच काही अंगावर घेणार नाही.

अक्षराबद्दल एवढंच. १०८० पिक्सेलची स्लाइड फोनवर साधारण तिपटीने लहान दिसते. म्हणून मजकुराचं अक्षर ३६ पिक्सेलच्या खाली आणू नका, सातव्या स्लाइडवरही नाही. मावत नसेल तर ती स्लाइड दोन भागांत करा. मुक्त किंवा बलू यांसारखे देवनागरीसाठीच घडवलेले टाइप घ्या आणि ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. एकाच कॅरोसेलमध्ये अंक देवनागरी आणि इंग्रजी असे मिसळू नका.

टाकण्यापूर्वी

सगळ्या स्लाइड मावशींना पाठवा आणि लेखी होकार घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पुरतो, पण नेमकं विचारा: “मावशी, ह्या सात चित्रांत तुमच्या ऑर्डरचे आकडे आहेत, ११८ आणि ९७. हे लोकांना दिसले तर चालेल का? ब्रँडचं नाव ठेवू का काढू?” पुष्कळांना फोटो चालतो, ऑर्डरचा आकडा चालत नाही. शेजारच्या चटणीवाल्यांनाही तो दिसणार असतो. त्यांनी नको म्हटलं तर ऑर्डरचे आकडे काढा आणि लिहा: ‘हंगाम आणि प्रदर्शन वगळल्यावर विक्रीत वेगळा फरक दिसला नाही’. आकडा गेला तरी खरं राहतं. उलट करू नका. नकार मिळाला म्हणून सातवी स्लाइडच काढली, तर पहिलीवरचा दावा उघडा पडतो.

गिऱ्हाइकांचे चॅट पुराव्यासाठी लावायचे असतील तर नाव, नंबर आणि फोटो यांवर भरीव रंगाची पट्टी टाका. धूसर केलेला नंबर कधी कधी वाचता येतो. खरं तर चॅट लावायची गरजच नसते.

पोस्टखालच्या मजकुरात सातव्या स्लाइडचा सार दोन ओळींत परत लिहा. प्रत्येक स्लाइडला पर्यायी मजकूर द्या, म्हणजे स्क्रीन वाचून घेणाऱ्यांनाही आकडे मिळतील. लिंक्डइनवर टाकायचं असेल तर त्याच स्लाइडची पीडीएफ करून दस्तऐवज म्हणून चढवा. तिथे मोठ्या कंपन्यांची माणसं बघतात, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतलीही. त्यांच्याकडून ‘हे मोजलं कसं?’ असा प्रश्न हमखास येतो. उत्तर द्यायला मोजणीची वही, लिहिलेला नियम आणि मावशींचा होकार एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नाव कामाचं आणि महिन्याचं.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलचा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा वस्तूंप्रमाणे सेवांनाही लागू आहे, आणि आपण सेवाच विकतो. तेव्हा ‘कोल्हापुरातलं नंबर एक’ असलं काही मजकुरात लिहिलं असेल तर ते खोडा.

जुलैमध्ये एकदा मावशींकडे जा आणि तोच नियम लावून पुढची ५० नवीन गिऱ्हाइकं मोजा. हंगाम तेव्हा संपलेला असतो. १७ च्या आसपास आकडा आला तर पोस्टच्या मजकुरात एक ओळ वाढवा, ‘जुलैची मोजणी: ५० पैकी १९’ अशी. तो परत ३० वर गेला असेल तर तीही ओळ तिथेच लिहा, आणि मावशींना विचारा, की नवी लेबलं संपल्यावर प्रेसने जुनीच फाइल परत छापून दिली नाही ना.